फिटचा प्रकार, औषध आणि त्याची खूण

प्रश्न: फिटची औषधं आणि त्यांचे दुष्परिणाम पाठ करूनही गोंधळतात. कुठल्या फिटला काय, हे कसं लक्षात ठेवायचं?

उत्तर: आधी ठरवा, फिट मेंदूच्या एका भागातून सुरू होते की दोन्ही बाजूंनी एकदम. एका भागातली असेल तर कार्बामाझेपिन चालतं. त्याची खूण म्हणजे रक्तातलं सोडियम घटणं आणि अंगावर गंभीर पुरळ.

आता दोन्ही बाजूंनी एकदम सुरू होणाऱ्या फिटसाठी १६ वर्षांची मुलगी घ्या. सकाळी उठल्यावर हातांना झटके येतात, कप निसटतो, आणि एकदा मोठी फिट आली. सकाळच्या झटक्यांबद्दल कोणी विचारत नाही, मग कार्बामाझेपिन सुरू होतं आणि झटके वाढतात. हे औषध झटक्यांच्या आणि क्षणभर हरवल्यासारख्या फिट बिघडवतं. फिनायटॉइनचंही तेच, त्याची खूण सुजलेल्या हिरड्या.

इथे सर्वांत प्रभावी व्हॅल्प्रोएट, पण गरोदरपणात ते घेतल्यास साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग येतं. शिवाय वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात, यकृताला इजा होऊ शकते. म्हणून मुलीला बहुधा आधी लेव्हेटिरासिटाम. त्याची खूण चिडचिड. ती घरचेच आधी ओळखतात, त्यांनाच विचारा.

लॅमोट्रिजिनची खूण पुरळ. व्हॅल्प्रोएट त्याचा निचरा अडवतं, म्हणून दोन्ही सोबत असतील तर मोठ्यांत सुरुवात एक दिवसाआड २५ मिलिग्रॅमने.