सर्वेक्षण दोघींचे, अहवाल मात्र एकीचा

ताई, मी एम.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून एका गावातल्या ४० घरांचे पाण्याबाबत सर्वेक्षण केले; अहवाल मात्र प्रत्येकीने स्वतंत्र लिहायचा आहे. एक फॉर्म अर्धवट राहिल्याने मी ३९ घरांवर विश्लेषण केले आणि माझा अहवाल तयार आहे. मैत्रिणीच्या आईचे ऑपरेशन झाल्यामुळे तिचे काहीच लिहून झालेले नाही. सोमवारी संध्याकाळी पाचला सबमिशन आहे. ‘नुसती नजर टाकते, फाइल पाठव,’ असे ती म्हणते आहे. गेल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा तिनेच माझ्यासाठी नोट्स उतरवून ठेवल्या होत्या. नाही कसे म्हणू? आणि पाठवली तर कुणाला कळणार आहे?
— एक विद्यार्थिनी

तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी भुरळ तिथेच आहे. बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते की वाक्ये फिरवली, शब्द बदलले की काम झाले. पण तपासणाऱ्याच्या नजरेला आधी वाक्ये नव्हे, आकडे दिसतात. समज, १३ घरांकडे बोअरवेल आहे. ४० घरांवर हिशेब केला तर ते प्रमाण ३२.५ टक्के येते आणि तुझ्या ३९ घरांवर ३३.३ टक्के. अर्धवट फॉर्म गाळण्याचा निर्णय तुझा आहे. मैत्रिणीच्या अहवालातही ३३.३ आले आणि तोंडी परीक्षेत ‘एक घर का गाळले?’ असे विचारल्यावर तिला उत्तर देता आले नाही, तर सरांना आणखी कशाची गरज उरत नाही. त्यातही एखाद्या तक्त्यात तुझी बेरीज चुकली असेल आणि तीच चूक तिच्याकडेही उतरली असेल, तर तो योगायोग होता असे कोणालाही पटवता येणार नाही, कारण बरोबर उत्तर दोघींना स्वतंत्रपणे सापडू शकते, पण नेमकी तीच चूक सहसा सापडत नाही.

शिवाय वर्ड फाइलच्या गुणधर्मांमध्ये मूळ लेखकाचे नाव आणि शेवटचा बदल कोणी केला, हे बहुधा नोंदलेले असते. महाविद्यालयात साम्य तपासणारे सॉफ्टवेअर वापरत असतील, तर एकाच वर्गातले अहवालही एकमेकांशी ताडून पाहता येतात, आणि ते कोणी कोणाचे उतरवले हे सांगत नाही. फक्त साम्य दाखवते. म्हणजे खुलासा दोघींनाच करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांमध्ये प्रबंधांसाठी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होऊ शकते. अंतर्गत अहवालाबाबत मात्र तुमच्या विभागाचे काय ठरले आहे ते विचारून घे.

आता मैत्रिणीचे. टायफॉइडच्या वेळी तिने जे केले, ते शिकायला हातभार लावणे होते. तुझे पेपर तिने लिहिले नव्हते. तशाच मदतीला तू आजही मोकळी आहेस आणि ती मुळीच थोडी नाही. भरलेले फॉर्म आणि त्यांवरून केलेला कच्चा तक्ता दोघींच्या मालकीचा आहे, तो तिला आजच पाठव. घरांचे क्रमांक, पाण्याचा स्रोत, उन्हाळ्यात टँकर येतो की नाही, हे सगळे त्यात असू दे. टक्केवारी, आलेख आणि निष्कर्ष मात्र नकोत. अर्धवट फॉर्म कोणता ते सांग, पण तो ठेवायचा की गाळायचा हे तिला ठरवू दे. मग फोनवर तासभर बसून ती कोणते दोन-तीन मुद्दे घेणार आहे ते बोला. तिने उन्हाळ्यातल्या टंचाईवर भर दिला आणि तू बोअरवेलवर, तर एकाच सर्वेक्षणातून दोन निराळे अहवाल निघतील, आणि माझ्या मते शिक्षकांनाही तेच अपेक्षित आहे.

दुसरे म्हणजे मुदतवाढ. ती मागायला मुले विनाकारण लाजतात. सोमवारचे पाच वाजून गेल्यावर सांगितलेले कारण सबब वाटते. आज सांगितले तर ती अडचण असते. तिने सरांना ईमेल करावा, ऑपरेशनची तारीख लिहावी, रुग्णालयाचा कागद जोडावा आणि नेमके किती दिवस हवेत ते सांगावे. ‘थोडा वेळ द्या’ असे मोघम लिहू नये. तीन-चार दिवस मागितले तर होकार मिळण्याची शक्यता बरीच असते. नकार आलाच, तर तिने कमी पानांचा, पण स्वतःचा अहवाल द्यावा. काही गुण जातील, पण तोंडी परीक्षेत अडखळावे लागणार नाही.

‘नुसती नजर टाकते’ याला तुझे उत्तर सरळ असू दे: ‘फाइल देत नाही, पण आज रात्री तुझ्यासोबत फोनवर बसते.’ ती रुसेल, हे धरून चाल. आईची शुश्रूषा आणि जागरण यांनी ती थकली आहे, त्यामुळे तिच्या रागाला त्याच रात्री उत्तर देत बसू नकोस. फाइल एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की ती पुढे कोणाकोणाकडे जाईल, यावर तिचाही ताबा राहत नाही, हे मात्र तिला सांग. आणि तुझे भरलेले फॉर्म व अहवालाचे जुने मसुदे निकाल लागेपर्यंत जपून ठेव.