कर्ज नाकारलं गेलं, मग विसाराचं काय?

प्रश्न: "कर्ज मंजूर होण्याच्या अटीवर घराचा करार केला, दहा टक्के विसार दिला. बँकेनं कर्ज नाकारलं. विकणारे म्हणतात, करार तुम्ही मोडलात, पैसे परत मिळणार नाहीत. असं करता येतं का त्यांना?"

बँकेचं नकाराचं पत्र आधी हातात घ्या आणि त्यात कारण काय लिहिलंय ते वाचा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एका ओळीत आहे.

पूर्वअट आणि वचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मी पैसे देईन" हे वचन, ते पाळलं नाही तर करारभंग होतो. "कर्ज मंजूर झालं तर मी पैसे देईन" यात कर्ज ही पूर्वअट आहे. ती पुरी झाली नाही तर पैसे देण्याची वेळच येत नाही, त्यामुळे कुणीही करार मोडलेला नसतो. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ३२ हेच सांगतं: अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेला करार ती घटना घडेपर्यंत अमलात आणता येत नाही, आणि घटना अशक्य झाली की करार निरर्थक ठरतो. त्यासाठी मुदत ठरलेली असेल तर मुदत संपताच तेच होतं, ते कलम ३५ मध्ये आहे. आणि निरर्थक झालेल्या करारात जे घेतलं ते परत करायचं, हे कलम ६५ मध्ये. म्हणजे साध्या परिस्थितीत विसार तुमचाच.

पण अट पुरी होईपर्यंत करार झोपलेला असतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो चुकीचा आहे. त्या काळात विकणाऱ्यानं घर दुसऱ्याला विकायचं नाही आणि तुम्ही कर्जासाठी प्रामाणिकपणे धडपड करायची, ही दोन्ही बंधनं पहिल्या दिवसापासून चालू असतात. ज्यानं स्वतःच अट पुरी होऊ दिली नाही त्याला तिचा फायदा घेता येत नाही. जर्मन नागरी संहितेत कलम १६२ मध्ये तर असं आहे की एखाद्यानं अप्रामाणिकपणे अट रोखली तर ती पुरी झाली असंच धरायचं. फ्रेंच संहितेतही याच धाटणीची तरतूद आहे.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. करारात ४५ दिवसांत किमतीच्या ७० टक्के कर्ज, अशी अट होती. खरेदीदारानं अर्ज ३१व्या दिवशी केला. बँकेनं उत्पन्नाचे कागद मागितले, ते दिलेच नाहीत. ४४व्या दिवशी पत्र आलं: "आवश्यक कागदपत्रांअभावी अर्ज बंद करण्यात येत आहे." ते पत्र वाचलं तेव्हाच मी त्यांना सांगितलं की विसाराची आशा फार धरू नका. बँकेनं कर्ज नाकारलंच नव्हतं, अर्ज नीट झालाच नव्हता. शेवटी तडजोडीत अर्धी रक्कम हाती आली. त्याच पत्रात "मालमत्तेचं मूल्यांकन कमी आल्यामुळे" असं असतं, किंवा बँक ६० टक्क्यांवर अडली असती, तर पूर्ण विसार मागायला आम्ही ताठ उभे राहिलो असतो. कारण ७० टक्के हा आकडा करारात होता. नुसतं "कर्ज मिळाल्यास" लिहिलेलं असतं तर ६० टक्केही कर्जच, असा वाद समोरच्यानं घातलाच असता.

आता तुमच्या करारात मुदतीचं कलम नीट बघा. काही करारांत मुदत टळली की करार आपोआप संपतो. काहींत तुम्ही लेखी कळवलं तरच संपतो, आणि काहींत न कळवल्यास "अट पुरी झाली असे समजले जाईल" असं लिहिलेलं असतं. हा तिसरा प्रकार फार घातक आहे. कर्ज खरोखर नाकारलेलं असूनही गप्प बसल्यानं लोक त्यात अडकतात. मुदत गेल्यावरही पुढचा हप्ता भरलात, चावी मागितलीत, तर तुम्ही अट सोडून दिलीत असा अर्थ निघू शकतो.

सोडण्यावरून आठवलं. कर्जाची अट बहुतेक वेळा एकट्या खरेदीदारासाठी असते, त्यामुळे पैसे दुसरीकडून उभे राहिले तर तो ती सोडून व्यवहार पुढे नेऊ शकतो. सरकारी परवानगीचं तसं नाही. कायद्यानं परवानगी सक्तीची असेल तर दोघांनी मिळूनही ती अट सोडता येत नाही. तिथे भांडण वेगळंच असतं: अर्ज कुणी करायचा होता, आणि परवानगी जाचक अटींसह आली तर ती "मिळाली" म्हणायची का. हे करारात लिहिलेलं नसेल तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ काढतात.

तुम्ही अर्ज वेळेत केला असेल आणि नकाराचं कारण तुमच्या हातातलं नसेल, तर आजच लेखी कळवा: अट पुरी झालेली नाही, नकाराची तारीख अमुक, पत्राची प्रत सोबत, विसार इतक्या दिवसांत परत करावा. अर्जाची पोच आणि बँकेनं मागितलेले कागद दिल्याच्या नोंदी जपून ठेवा. कलमाचा नेमका मजकूर इथे टाकलात, तर मुदतीचा कोणता प्रकार आहे ते बघून सांगतो.