टीममधल्या माणसाचं तिमाही ध्येय मोजता येईल असं कसं लिहावं?

प्रश्न: माझ्या सपोर्ट टीममधल्या मुलीसाठी ‘ग्राहकांना लवकर उत्तर देणे’ असं ध्येय लिहिलंय. स्मार्ट पद्धतीत ते कसं बसवू?

उत्तर: आधी मागच्या तिमाहीचा आकडा काढा. समजा, तिच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी ५५ टक्क्यांना कामाच्या चार तासांत पहिलं उत्तर गेलं. मग ध्येय असं लिहा: ‘३० जूनपर्यंत माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी ७५ टक्क्यांना कामाच्या चार तासांत पहिलं उत्तर, पुन्हा उघडलेल्या तक्रारी ८ टक्क्यांच्या वर नाहीत.’

दुसरा भाग गाळू नका. फक्त वेग मोजला की माणूस ‘पाहतो, कळवतो’ एवढं लिहून मोकळा होतो आणि तीच तक्रार दोन दिवसांनी परत येते. आता पुन्हा उघडलेल्या तक्रारींचं प्रमाण ८ टक्के असेल, तर ते त्याहून वाढता कामा नये.

‘माझ्याकडे आलेल्या’ हे शब्दही मुद्दाम आहेत. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये स्मार्ट पद्धत मांडली तेव्हा त्या इंग्रजी शब्दाच्या पाच अक्षरांतला ‘ए’ असाइनेबल होता, म्हणजे काम कोणाचं ते ठरवणं. ‘अचीव्हेबल’, म्हणजे गाठता येण्याजोगं, हे नंतर रूढ झालं. मला दोन्ही लागतात. उत्तर इंजिनिअरिंगकडून यायचं असलेल्या तक्रारींत तिचा इलाज चालत नसेल, तर त्या मोजणीतून वगळा आणि तसं ध्येयातच लिहा.

७५ हा आकडा तिच्यासोबत बसून ठरवा. एप्रिलअखेर ६० च्या आसपास नसेल, तर कारण तेव्हाच शोधा, जूनची वाट पाहू नका.