काटा बरोबर असला तरी सळई हलकी असू शकते

प्रश्न: टीएमटी सळ्या साइटवर आल्या की नीट आहेत का हे घरच्या घरी कसं बघायचं? वजनकाट्याची पावती पुरेशी आहे का?

अजिबात नाही. या पावतीवरून माझं आणि थोरल्या भावोजींचं चांगलंच वाजलंय.

खानापूरला घर बांधताना बेळगावहून १२ मिमीचा एक टन माल आला. काट्यावर बरोबर १००० किलो. भावोजी म्हणाले, "झालं की, उतरवून घ्या." मी मात्र सळ्या मोजायला लावल्या. १०२ भरल्या, प्रत्येक टेप लावून १२ मीटर.

आता हिशेब बघा. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिमीला ०.८८८, म्हणजे १२ मीटरची सळई १०.६६ किलोची. टनात ९४ बसायला हव्यात. माझी सळई पडली ९.८० किलोची, मीटरला ०.८१७. आठ टक्के कमी. आयएस १७८६ या सळ्यांच्या भारतीय मानकात या मापाच्या लॉटला पाच टक्क्यांपर्यंतच सूट आहे. खात्रीसाठी एक मीटर तुकडा कापून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, ८१५ ग्रॅम.

भावोजींचं म्हणणं, पैसे किलोचे दिलेत, मग नुकसान कुठं? अहो, नुकसान स्लॅबमध्ये! ड्रॉइंगवर "१२ मिमी, सहा इंचांवर" असं असतं. मेस्त्री सळ्या मोजून बांधतो, किलो बघून नाही. प्रत्येक सळईत आठ टक्के लोखंड कमी, म्हणजे स्लॅबमध्येही तेवढंच कमी. आणि नगावर हिशेब करून माल घेतला असता तर पैसेही गेले असते.

मग सळईवरची अक्षरं बघितली. ब्रँडचं नाव होतं, १२ होतं, पण "एफई ५००डी" ही ताकदीची ग्रेड कुठंच नाही. बंडलाच्या टॅगवर आयएसआय खूण आणि सीएम/एल परवाना क्रमांक हवा, तोही नव्हता.

वाकवूनही बघितली. ५००डीची १२ मिमी सळई ३६ मिमी गोल रॉडभोवती थंडच, सावकाश, १८० अंशांत वळवायची आणि बाहेरच्या बाजूला आडवी चीर पडते का ते बघायचं. पापुद्रा सुटला तर ती चीर नव्हे. गंमत म्हणजे माझी सळई या परीक्षेत पास झाली! मऊ लोखंड छान वाकतंच. ठिसूळ माल यातून पकडता येतो, कमी ताकदीचा नाही. ताकदीसाठी लॅबमध्ये ताणूनच बघावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. ८ आणि १० मिमीला सात टक्के सूट आहे, तिथं थोड्या फरकावरून भांडू नका. आणि एका तुकड्यावर निकाल देऊ नका, निदान तीन बंडलांतून घ्या.

माल परत पाठवला. भावोजी अजून म्हणतात, आठ सळ्या फुकट मिळत होत्या.