घाम, लादी आणि दुखणारे गुडघे: मॅट कुठली घ्यायची?

प्रश्न: म्हापशाला राहते, घरी योगा करते, गुडघे दुखतात. पीव्हीसी, रबर की फोम, कुठली मॅट घेऊ आणि किती जाड?

उत्तर: रबरची ५ एमएमची घ्या आणि गुडघ्याखाली ठेवायला वेगळा छोटा पॅड घ्या. गुडघे दुखतात म्हणून लोक सरळ १२-१५ एमएमची फोमची मॅट आणतात, माझ्या आईनेही तेच केलं. झोपून करायच्या व्यायामाला ती मस्त, पण वृक्षासनात पाय आत रुतायचा, घोटा डुगडुगायचा, आणि हात टेकले की तळव्याची टाच खाली जाऊन मनगट जास्तच वाकायचं, मग गुडघ्याचं राहिलं बाजूला आणि मनगट दुखायला लागलं.

पीव्हीसी स्वस्त आणि टिकाऊ, कोरड्या हाताला पकडही बरी, पण ती घाम शोषत नाही आणि आपल्याकडे मे महिन्यात दहा मिनिटांत हात ओले होतात, की अधोमुख श्वानासनात हात पुढे सरकायला लागतात. पीव्हीसी आधीच असेल तर वर सुती टॉवेल घाला.

रबर जड असतं, सुरुवातीला वास येतो, उन्हात वाळवलं तर तडे जातात, म्हणून पुसून सावलीत पंख्याखाली वाळवा, पावसाळ्यात ओली गुंडाळली तर बुरशी धरते. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर मात्र रबर नकोच.

दुकानात मॅट लादीवर पसरून गुडघा टेकून बघा, खालची लादी टोचली तर पातळ. मग एका पायावर उभं राहा, डुगडुगलात तर जास्त मऊ.