तीनावर दोन: आधी ग्रिड बदल

तू पाठवलेला लूप ऐकला. आवाज छान निवडलेस, पण तीनावर दोन म्हणजे दोन ठोक्यांच्या वेळात तीन सारखे ठोके, हे तसं नाही, ३-३-२ झालंय. सोळाच्या ग्रिडवर नवीन माणूस हमखास इथेच फसतो. १२० बीपीएमला दोन बीट म्हणजे १००० मिलिसेकंद. त्यात तीन ठोके सारखे बसवायचे तर दर ३३३ मिलिसेकंदांनी एक हवा. तुझ्या ठोक्यांमधली अंतरं ३७५, ३७५ आणि २५० आहेत, म्हणून शेवटी धावल्यासारखं वाटतं.

- क्लिपचा ग्रिड 1/4T वर, म्हणजे दोन बीटचे तीन सारखे भाग करणाऱ्या ट्रिपलेटवर ने, मग तीन ठोके काढ. किक दोन्ही बीटवर राहू दे. स्विंग बंद.
- हाताने तपास. सहा मात्रा मोज, डावा हात १ आणि ४ वर, उजवा १, ३, ५ वर. वडोदऱ्यात राहतोस, नवरात्रात गरब्याचा हींच ताल ऐकतोसच, त्याच्याही सहाच मात्रा!
- दोन्ही थर एकाच जातीच्या आवाजात नकोत, नाहीतर कानाला १-३-४-५ असा एकच पॅटर्न ऐकू येतो. दोनाला जाड किक, तिनाला कोरडा रिमशॉट. पहिल्या मात्रेवर दोन्ही एकत्र पडतात, तिथे रिमशॉटची व्हेलॉसिटी थोडी उतरव.

चारावर तीनच्या नादाला इतक्यात लागू नकोस.