एसओएच ९६ टक्के, तरी २५ टक्क्यांवर गाडी बंद का पडते?

प्रश्न: "डिस्प्लेवर २५-२८ टक्के चार्ज दिसत असतानाच माझी ई-स्कूटर बंद पडते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, एसओएच ९६ आहे, बॅटरी ठणठणीत. मग दोष कुठे?"

एसओएच म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत आता किती टक्के क्षमता उरली तो आकडा. दोष त्या ९६ मध्येच असण्याची शक्यता जास्त आहे. हेच उत्तर ऐकवून मला दोन वेळा परत पाठवलं होतं आणि त्या घोळात वॉरंटी संपली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पॅकवरचं लेबल बघा. ५१.२ व्होल्ट लिहिलं असेल तर बहुधा एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे, १६ सेल सिरीजमध्ये आहेत, आणि पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. एनएमसी या दुसऱ्या लिथियम प्रकारच्या सेलचा व्होल्टेज चार्जबरोबर बऱ्यापैकी उतरत जातो, त्यामुळे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, म्हणजे बीएमएसला, चूक सुधारायची संधी मिळत राहते. एलएफपी मात्र साधारण २० ते ९० टक्क्यांमध्ये ३.२ ते ३.३ व्होल्टवरच रेंगाळतो. व्होल्टेज बघून ४० टक्के की ७० हे सांगताच येत नाही. मग बीएमएस किती अँपिअर आत आले आणि किती बाहेर गेले याचा हिशेब ठेवतं, आणि पूर्ण चार्ज झाला की आकडा १०० वर आणतं. या हिशेबाला भागायला पॅकची क्षमता लागते, आणि ती क्षमता बीएमएस एसओएचवरून धरतं. एसओएच चुकला की एसओसी, म्हणजे डिस्प्लेवर दिसणारा चार्जचा टक्का, तोही चुकतो, तो असा.

माझा पॅक ४० अँपिअर-तासांचा. एसओएच ९६, म्हणजे बीएमएसच्या मते क्षमता ३८.४. शेवटी एका बॅटरी दुरुस्तीवाल्याकडे पूर्ण चार्ज करून ८ अँपिअरच्या लोडवर टेस्ट केली. २९ अँपिअर-तास निघाले आणि एक सेल २.५ व्होल्टवर आला, म्हणजे कटऑफ, डिस्चार्ज तिथेच थांबला. २९ भागिले ३८.४ म्हणजे ७५ टक्के वापर, म्हणून डिस्प्लेवर २४-२५ टक्के शिल्लक. खरा एसओएच होता ७२ च्या आसपास. डिस्प्लेनं हिशेब बरोबर केला होता, त्याला दिलेली क्षमताच खोटी होती.

मग ९६ आला कुठून? खरी क्षमता कळायला बीएमएसला दोन भरवशाचे एसओसी बिंदू आणि मधले अँपिअर-तास हवेत. रोज ८० वरून ५० वर आणून परत चार्जला लावली, तर एलएफपीत असा खालचा बिंदू मिळतच नाही. अशा वेळी अनेक बीएमएस चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या, वय आणि तापमान यांवरून अंदाज बांधतात. एखादा सेल लवकर म्हातारा झाला तर तो अंदाजात येत नाही. मला परत पाठवणाऱ्या सेंटरनं स्क्रीनवरच्या अंदाजाची प्रिंट हातात दिली. सेलनिहाय व्होल्टेज दाखवा म्हटलं तर "ते आम्ही देत नाही."

खरी गोष्ट त्या सेलनिहाय आकड्यांतच असते. माझा सातवा सेल चार्जिंगला सगळ्यांत आधी ३.६५ ला पोचायचा, बाकीचे ३.४० च्या आसपास असायचे. आणि डिस्चार्जला सगळ्यांत आधी तोच कोसळायचा. वरही पहिला आणि खालीही पहिला, म्हणजे त्या सेलची क्षमताच गेली. याउलट एखादा सेल वरही मागे असेल आणि खाली मात्र आधी संपत असेल, तर तो फक्त इतरांपेक्षा कमी भरलेला आहे. बॅलन्सिंगनं, म्हणजे सगळे सेल सारख्या पातळीवर आणल्यानं, तो सुधारतो, पण वेळ लागतो: ४ अँपिअर-तासांचा फरक ५० मिलिअँपिअरनं भरून काढायला ८० तास. बरीच बीएमएस फक्त चार्जच्या शेवटाला बॅलन्स करतात, म्हणून अधूनमधून १०० टक्के करून काही तास चार्जरवर राहू द्या. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

बंद पडलेली गाडी थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालत असेल, विशेषतः चढावर किंवा थंडीत, तर सेलचा अंतर्गत रोधही तपासून घ्या. क्षमता ठीक असूनही रोध वाढल्यामुळे लोडखाली व्होल्टेज पडू शकतो.

घरी करण्यासारखं एकच: प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर घ्या. बंद पडलेल्या अवस्थेपासून पूर्ण चार्जला किती युनिट लागतात ते बघा. ५१.२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या पॅकला चार्जरचा तोटा धरून साधारण २.३ युनिट लागायला हवीत. माझी १.७ च्या आतबाहेर लागायची. हा ढोबळ आकडा आहे, पण दोघांमधला एवढा फरक नजरेआड होत नाही. पॅक स्वतः उघडू नका, वॉरंटी जाईल आणि शॉर्ट झाला तर हात भाजेल.

सेंटरला तोंडी सांगू नका, ईमेल करा. "पूर्ण चार्जला आणि कटऑफच्या क्षणी प्रत्येक सेलचा व्होल्टेज, आणि कटऑफपर्यंत निघालेले अँपिअर-तास" एवढंच मागा. वॉरंटीच्या कागदावर क्षमता कशानं मोजायची, स्क्रीनवरच्या एसओएचनं की डिस्चार्ज टेस्टनं, ते वाचून घ्या. माझ्या मते टेस्टशिवाय दिलेला नकार मान्य करूच नये. मी वकील नाही, कंपनीगणिक अटी वेगळ्या असतील. पण तक्रारीची तारीख वॉरंटीच्या आतली नोंदवलेली असू द्या, बाकी पुढचं पुढे.